अर्ध्या जवाचा प्रयोग

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान आठ-नऊ दिवसांत वीतभर वर येतं. देवघराच्या कोपऱ्यात त्याला ऊन मिळत नाही, म्हणून पाती पिवळट राहतात. पिवळी पाती म्हणजे हरितद्रव्य जवळपास नाही, आणि हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न तयार करणंही नाही. तरीही ती वाढतात, कारण त्यांची शिदोरी दाण्यातच असते. ही शिदोरी मुख्यतः स्टार्चची. जवाच्या दाण्याच्या वजनात साधारण ६० टक्के स्टार्चच असतो.

अडचण अशी, की स्टार्च पाण्यात विरघळत नाही आणि पेशीच्या पडद्यातून जात नाही. दाण्यात तो घट्ट कणांच्या रूपात ठासून भरलेला असतो, आणि ज्या पेशींमध्ये भरलेला असतो त्या मेलेल्या असतात. दाणा पिकताना स्टार्च साठवून झाला की त्या पेशी मरून जातात आणि मागे उरतं ते फक्त कोठार. कोंबाला हवी असते साखर. कोठार मृत असल्याने ते स्वतःहून काही करणार नाही. मग स्टार्च फोडतं कोण, आणि फोडायची वेळ झाली हे त्याला कळतं कसं? या प्रश्नाचा सगळ्यात नीट अभ्यास झाला तो जवावर, कारण दारूच्या धंद्यात लागणारं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, जवाचं असतं आणि त्या धंद्याला हे उत्तर फार आधीपासून हवं होतं.

दाणा उभा चिरला तर एका टोकाला छोटासा भ्रूण दिसतो. त्याच्या आणि कोठाराच्या मधोमध ढालीसारखा एक भाग असतो, त्याला स्क्युटेलम म्हणतात. बाकीचा बहुतेक दाणा पांढऱ्या कोठाराचा. पण कोठाराभोवती, सालीच्या अगदी आत, जिवंत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. हा अ‍ॅल्युरोन थर. गव्हात तो एका पेशीइतका जाड असतो, जवात साधारण तीन पेशींइतका. या पेशींमध्ये स्टार्च जवळपास नसतो, प्रथिनं आणि तेल मात्र भरपूर असतं.

आता प्रयोग. जवाचा दाणा आडवा कापून भ्रूणाचा तुकडा फेकून द्यायचा. उरलेला अर्धा दाणा पाण्यात ठेवला तर तो भिजतो, फुगतो आणि तसाच पडून राहतो. आतला स्टार्च जिथल्या तिथे. भ्रूण असलेल्या दाण्यात मात्र दोन-चार दिवसांत कोठार मऊ पडू लागतं. म्हणजे भ्रूणाकडून काहीतरी येत असणार, एवढं तर उघड होतं. ते ‘काहीतरी’ काय, याचं उत्तर १९६० च्या सुमारास दोघांना स्वतंत्रपणे मिळालं: जपानमध्ये हारुगोरो योमो यांना आणि ऑस्ट्रेलियात लेस्ली पॅलेग यांना. भ्रूण नसलेल्या अर्ध्या दाण्यावर जिबरेलिनचं अगदी पातळ द्रावण घातलं की तो अर्धा दाणा भ्रूण असल्यासारखा वागू लागतो. त्यातून अमायलेज नावाचं विकर बाहेर पडतं आणि स्टार्चची साखर होऊ लागते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना जिबरेलिनची ओळख करून द्यायला नको. घड मोकळे व्हावेत, मणी फुगावेत म्हणून ते जे ‘जीए’ वापरतात तेच हे. बागेत ते लिटरला दहा ते चाळीस मिलिग्रॅम या हिशोबाने लागतं. जवाच्या अर्ध्या दाण्याला लिटरमागे मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा पुरतो, आणि त्याहून बरंच पातळ द्रावणही त्याला कळतं. या द्रव्याचा शोध मात्र ना द्राक्षात लागला ना जवात. तो लागला भाताच्या एका रोगात, ज्यात बुरशी लागलेली रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडत. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, की रोपं ताणली जातात ती बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे. वनस्पती स्वतःही हेच द्रव्य संप्रेरक म्हणून बनवतात, हे नंतर कळलं.

हा प्रयोग कुणाला प्रत्यक्ष पाहायचा असेल तर तो दिसतोही सुंदर. स्टार्च घातलेल्या अगारच्या बशीत अर्धे दाणे कापलेली बाजू खाली करून ठेवायचे आणि दोन दिवसांनी वरून पातळ आयोडीन ओतायचं. स्टार्च आहे तिथे निळं-काळं होतं. जिबरेलिन मिळालेल्या दाण्याभोवती मात्र स्वच्छ गोल चट्टा उरतो, कारण तिथला स्टार्च अमायलेजने खाऊन टाकलेला असतो. इथे फसगत होते ती जंतूंमुळे. दाण्याच्या सालीवरचे जिवाणू आणि बुरशी स्वतःचं अमायलेज सोडतात, त्यामुळे दाणे ब्लीचमध्ये नीट निर्जंतुक केले नसतील तर जिबरेलिन न दिलेल्या दाण्याभोवतीही चट्टा उमटतो. म्हणून नुसत्या पाण्यातल्या दाण्यांची बशी शेजारी हवीच. तिच्यात चट्टे दिसले तर सगळा प्रयोग रद्द समजायचा. दुसरी खोड कॅल्शियमची. हे अमायलेज कॅल्शियमशिवाय टिकत नाही, म्हणून द्रावणात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं.

इथवर सगळं ठीक. पण खरा वाद पुढे होता. अमायलेज अ‍ॅल्युरोन थरातून बाहेर पडतं, हे हाबरलांट या जर्मन भाषिक वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९० मध्येच राईवर दाखवलं होतं. प्रश्न असा, की ते तिथे आधीच तयार होऊन कुलूपबंद पडलेलं असतं आणि जिबरेलिन फक्त कुलूप काढतं, की निरोप आल्यावर ते नव्याने घडवलं जातं? पहिली शक्यता मुळीच वेडगळ नव्हती. स्टार्च फोडणारं दुसरं विकर, बीटा-अमायलेज, अगदी असंच वागतं. ते कोठारात आधीपासून बांधलेल्या अवस्थेत असतं आणि नंतर मोकळं होतं.

फिल्नर आणि व्हार्नर यांनी १९६७ मध्ये या वादाचा निकाल लावला, आणि माझ्या मते वनस्पतिशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी ती एक आहे. त्यांनी अ‍ॅल्युरोनला जिबरेलिन दिलं ते जड पाण्यात. या पाण्यातला ऑक्सिजन नेहमीच्या १६ ऐवजी १८ वजनाचा होता. अ‍ॅल्युरोन पेशी नवं प्रथिन बनवताना कच्चा माल कुठून आणतात? स्वतःतलीच साठवलेली प्रथिनं तोडून. प्रथिनाचा प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू खर्च होतो आणि त्याचा ऑक्सिजन सुट्या झालेल्या अमिनो आम्लाला चिकटतो. म्हणजे जड पाण्यात तुटलेली अमिनो आम्लं किंचित जड होणार, आणि त्यांपासून बनलेलं अमायलेजही. आधीच तयार असलेलं अमायलेज मात्र हलकंच राहणार. मग सीझियम क्लोराइडच्या द्रावणात हे विकर प्रचंड वेगाने फिरवायचं आणि ते कोणत्या घनतेवर स्थिरावतं ते पाहायचं. सगळं अमायलेज जड निघालं. फरक होता सुमारे एक टक्का, पण गणिताने जेवढा यायला हवा होता जवळपास तेवढाच. कुलुपात ठेवलेला साठा नव्हताच, सगळा माल नवा होता. जिबरेलिन दिल्यावर अमायलेज दिसू लागायला आठ-दहा तास का लागतात, हेही यातून कळलं. कारखाना आधी उभा राहावा लागतो.

निरोप पेशीच्या आत कसा वाचला जातो, हे कळायला आणखी चाळीस वर्षं गेली. अ‍ॅल्युरोन पेशीत डेला नावाच्या कुळातलं एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. ते आहे तोवर अमायलेजचा जनुक वाचला जात नाही. जिबरेलिन आलं की ते एका ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बसतं. हे ग्राही प्रथिन २००५ मध्ये जपानमध्ये भातात सापडलं. खोबणीवर झाकण बसतं, आणि झाकण बसलेल्या या प्रथिनाला पहारेकरी चिकटतो. तिथे त्याच्यावर ‘मोडीत काढा’ अशी खूण लागते आणि पेशीची प्रथिनं तोडणारी यंत्रणा त्याचा चुरा करते. म्हणजे जिबरेलिन कुठलंही बटण दाबत नाही, ते अडथळा हटवतं. याचा पुरावा जवातल्याच एका बिघाडात आहे. जनुकात बिघाड झालेल्या काही दाण्यांत हा पहारेकरी निकामी असतो. त्यांची रोपं लांबुडकी, सडपातळ वाढतात आणि असा दाणा अर्धा कापला तर तो जिबरेलिनचा थेंबही न देता अमायलेज ओकतो.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? दाण्यात अमायलेज आधीच भरून ठेवलं असतं तर पावसाच्या एका सरीत कोठाराची लापशी झाली असती, आणि भ्रूण अजून झोपलेलाच असता. कोठाराला विचार करता येत नाही, म्हणून निर्णय भ्रूणाच्या हाती. तो जिवंत आहे, पाणी प्यायला आहे, वाढू लागला आहे, हे ठरल्यावरच निरोप निघतो. सुप्तावस्थेतल्या दाण्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं दुसरं संप्रेरक नेमकं उलटं सांगत असतं आणि जिबरेलिन असलं तरी अमायलेज बनू देत नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: दाण्यातून पहिलं मूळ बाहेर येतं ते कोठारातल्या स्टार्चवर नव्हे. त्याला भ्रूणातच असलेली थोडी साखर पुरते. कोठार त्यानंतर उघडतं.

हे गणित शेतात चुकतं तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते. गहू-जव पिकून उभा आहे, सुप्तावस्था संपली आहे आणि अवकाळी पावसाने ओंब्या दोन-तीन दिवस भिजल्या, तर दाण्याला ओंबी आणि माती यांतला फरक कळत नाही. भ्रूण निरोप धाडतो. कधी वरून मोड दिसतही नाही, पण पिठात अमायलेज आलेलं असतं आणि त्या पिठाची कणीक चिकट होते. गिरण्यांमध्ये याची चाचणी सोपी असते. सात ग्रॅम पीठ आणि २५ मिलिलिटर पाणी नळीत घेऊन उकळत्या पाण्यात ठेवतात, मिनिटभर ढवळतात आणि मग दांडी खीरीतून खाली पडायला सोडतात. चांगल्या गव्हाची खीर घट्ट होते, दांडीला तीनशे सेकंद किंवा जास्त लागतात. अमायलेजने खीर पातळ केली असेल तर दांडी फार लवकर तळाला जाते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीची पेज बाळाला पातळ आणि पचायला हलकी होते, त्यामागेही अमायलेजच आहे. एकाचं नुकसान तेच दुसऱ्याचं सत्त्व.

जवाचा हा आराखडा सगळ्या धान्यांवर जसाच्या तसा लादू नये. ज्वारीत अ‍ॅल्युरोनचा वाटा फार थोडा. तिथे अमायलेज मुख्यतः स्क्युटेलममधूनच येतं. मटकी-मुगाचं तर सगळंच वेगळं, कारण त्यांच्या डाळिंब्या म्हणजे जिवंत पेशींची कोठारं, मेलेली नाहीत.

जवात मात्र काम पुरं झालं की अ‍ॅल्युरोनच्या पेशीही मरतात. त्यांच्यातली प्रथिनं विकरांत गेलेली असतात, तेल खर्च झालेलं असतं, आत मोठमोठ्या पोकळ्या पडतात आणि एकेक पेशी फुटून संपते. विसर्जनाच्या वेळी घटातलं एखादं जवाचं रोप अलगद उपटून पाहा. मुळाशी दाण्याचं टरफल लटकलेलं असतं. ते चिमटीत दाबलं तर दुधासारखा एखादा थेंब निघतो, कधी तोही नाही.