पोडियमवरून पाहुण्यांचा परिचय करून देताना
(आमच्या मंडप-साउंडच्या ग्राहकांसाठी)

बुकिंगच्या वेळी खुर्च्या किती, बॉक्स किती, हे सगळे विचारतात. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र "आवाज येत नाही" ही ओरड बहुतेक वेळा पाहुण्यांच्या परिचयात होते, आणि तेव्हा मशीन ठीकच असते.

एका शेतकरी मेळाव्यात 600 खुर्च्यांचा हॉल भरला होता. परिचय एका मॅडमकडे होता आणि आवाजही खणखणीत होता. शेवटी "आता आपल्याशी बोलणार आहेत" म्हणताना त्यांनी मान डावीकडे, पाहुण्यांकडे वळवली. माईक समोरच राहिला आणि नाव गडप झालं. मागच्या रांगा एकमेकींना विचारत होत्या, "कोण आहे बा?"

म्हणून क्रम असा ठेवा. नाव आणि आडनाव सभेकडे बघूनच पूर्ण घ्या. क्षणभर थांबा, मगच पाहुण्यांकडे वळा आणि हात करा. पाहुणे ज्या बाजूला बसलेत त्याच बाजूचा हात वापरा. दुसरा हात आडवा आणला की तो हमखास माईकच्या दांड्याला लागतो. बोट दाखवू नका, तळवा उघडा ठेवा आणि टाळ्या सुरू होईपर्यंत हात तसाच असू द्या. अर्ध्यातच खाली पडलेला हात "या एकदाचे" म्हटल्यासारखा दिसतो.

बाकी वेळ हात पोडियमच्या कडेवर हलके टेकवा. कडा घट्ट धरली की खांदे वर चढतात. बोटांनी ठेका धरला किंवा बांगड्या लाकडावर आपटल्या, तर ती टकटक बॉक्समधून मोठी होऊन येते. दोन्ही पायांवर सारखं वजन घ्या. एका पायावरून दुसऱ्यावर डुललं की तोंड माईकजवळ-लांब होतं आणि आवाजही तसाच कमी-जास्त होतो. तोंडापासून माईक साधारण एक वीत लांब पुरे.

नजरेची अडचण कागदामुळे होते. परिचय पानभर लिहिला की शेवटच्या ओळींपर्यंत मान खाली जाते आणि समोरच्यांना फक्त भांग दिसतो. मोठ्या अक्षरात, पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच लिहा. कागदाकडे बघून वाक्य उचला, मान वर करा आणि मग बोला. वाक्य संपेपर्यंत परत खाली बघू नका. एक वाक्य मागच्या रांगेकडे, पुढचं डावीकडे, त्यानंतरचं उजवीकडे. वाक्याच्या मधेच नजर फिरवली तर भिरभिरल्यासारखं दिसतं. हॅलोजनमुळे मागचे चेहरे दिसत नसतील तर शेवटच्या खुर्च्यांच्या उंचीवर बघा, पंख्यांकडे नको.

बोलणारी व्यक्ती ठेंगणी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आम्ही पोडियममागे लाकडी पाट ठेवतो. त्यांना अर्धा तास आधी पाठवा. त्या उभ्या राहिल्यावरच आमचा पोरगा माईक वाकवून देईल.