दिवाळी शुभेच्छापत्रातील ओळ आणि तिचे इंग्रजी रूप

दिवाळी शुभेच्छापत्रातील ओळ म्हणजे दिवाळीनिमित्त पाठवायच्या पत्रावर छापलेले किंवा हाताने लिहिलेले, समृद्धीची इच्छा व्यक्त करणारे एक-दोन वाक्यांचे आशीर्वचन. मराठीत तिचे सर्वांत रुळलेले रूप असे: ‘ही दिवाळी आपणा सर्वांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो.’ परदेशी राहणारे मराठी कुटुंब, अमराठी सहकारी, किंवा देवनागरी न वाचता येणारी नातवंडे यांच्यासाठी याच पत्रावर खाली किंवा समोरच्या पानावर इंग्रजी ओळ येते. वाक्य लहान असल्यामुळे ते सहज भाषांतर होईल असे वाटते; अडचण नेमकी शेवटच्या शब्दात, ‘जावो’मध्ये आहे.

‘जावो’ हे ‘जाणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थातले तृतीयपुरुषी रूप. इथे आज्ञा कुणालाच नसते, असते ती प्रार्थना किंवा आशीर्वाद. हेच रूप बलिप्रतिपदेला ओवाळताना म्हटल्या जाणाऱ्या ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’मध्ये आहे. कर्ता अनेकवचनी असला की ‘त’ जोडला जातो: पावले उमटोत, दिवे उजळोत. मात्र ‘जावो’चे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही दिवाळीच्या पत्रांवर भेटतात. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी असलेल्या पसायदानातील ‘दुरितांचे तिमिर जावो’ ही ओळ दिव्यांच्या चित्राखाली हमखास छापतात. तिथे जावो म्हणजे नाहीसे होवो. ‘दिवाळी सुखाची जावो’मध्ये मात्र जावो म्हणजे तो काळ तसा सरो, सण आटोपल्यावर आपण ‘दिवाळी कशी गेली?’ असे विचारतो, त्यातलेच हे जाणे. शब्दाला शब्द ठेवणाऱ्याच्या हातून इंग्रजीत ‘मे धिस दिवाली गो’ असे काहीतरी होते आणि सणालाच निरोप दिल्यासारखे वाटते.

म्हणून जाणकार भाषांतरकार क्रियापदच बदलतो. मराठीत दिवाळी ‘जाते’, इंग्रजीत ती काहीतरी ‘घेऊन येते’: ‘मे धिस दिवाली ब्रिंग यू’. या बदलाबरोबर वाक्याचा सांगाडाही बदलतो. मराठीत ‘सुखाची’, ‘समृद्धीची’ ही दिवाळीची विशेषणे आहेत आणि दिवाळी स्त्रीलिंगी म्हणून ती ‘ची’वर संपतात. (कर्ता दीपोत्सव केला तर ‘सुखाचा’, नववर्ष केले तर ‘सुखाचे’, पत्र छापायला देताना अर्धे वाक्य बदलून बाकीचे तसेच ठेवले की चूक इथेच होते.) इंग्रजीत हीच विशेषणे सुटी नामे होऊन आणल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जागी बसतात.

‘मे’ या शब्दाची जागा फार नाजूक आहे. तो वाक्याच्या आरंभी असला तरच आशीर्वाद होतो. मराठी वळणाप्रमाणे कर्ता आधी घेऊन ‘धिस दिवाली मे ब्रिंग यू प्रॉस्परिटी’ असे लिहिले, तर अर्थ होतो ‘ही दिवाळी कदाचित समृद्धी आणेल’, म्हणजे नाहीही आणणार. शुभेच्छेची शंका व्हायला एका शब्दाचे सरकणे पुरते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘मे धिस दिवाली ब्रिंग्ज’. या रचनेत क्रियापदाला ‘स’ लागत नाही. तिसरी चूक ‘हार्दिक शुभेच्छा’ची. ‘हार्दिक’ला शब्दकोशातला हृदयाशी जोडलेला शब्द लावला की ते पत्र हृदयरोगतज्ज्ञाकडून आल्यासारखे दिसते. तिथे ‘वॉर्म विशेस’ एवढेच पुरेसे आहे.

आता समृद्धीचा प्रश्न. सुख, समृद्धी, भरभराट ही तिन्ही मराठीत एका दमात येतात, कारण मराठी आशीर्वादाला जोड आणि पुनरुक्ती आवडते. इंग्रजीत समृद्धी आणि भरभराट दोन्हींसाठी ‘प्रॉस्परिटी’च सुचते आणि ती दोनदा लिहिता येत नाही. पण हे शब्द खरे तर एक नाहीत. समृद्धी ही स्थिती आहे: घरात धान्य, हाताशी पैसा, कशाची ददात नाही. भरभराट ही चालती गोष्ट आहे. ती धंद्याची, पिकाची, घराण्याची होत राहते. त्यामुळे समृद्धीसाठी ‘प्लेंटी’ किंवा ‘अबंडन्स’ हे नाम घ्यावे आणि भरभराटीसाठी ‘प्रॉस्पर’ हे क्रियापद ठेवावे. धनसंपदेसाठी थेट ‘वेल्थ’ वापरणे शक्यतो टाळलेले बरे. लक्ष्मीपूजनाच्या संदर्भात मराठी वाचकाला धन हा शब्द मंगल वाटतो, पण तो संदर्भ नसलेल्या इंग्रजी वाचकाला तो नुसताच पैशाचा वाटतो.

एक ओळ पूर्ण करून पाहू. मूळ अशी: ‘लक्ष्मीची पावले आपल्या दारी उमटोत, ही दिवाळी आपणा सर्वांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो.’ ही पावले रांगोळीने काढलेली, घराच्या आत जाणारी असतात. ‘फूटस्टेप्स’ म्हटले की पावलांचा आवाजही सुचतो; इथे हवा आहे उमटलेला ठसा, म्हणून ‘फुटप्रिंट्स’. ‘उमटणे’ला सोयीचा प्रतिशब्द नाही, तेव्हा दिशा दाखवणारे क्रियापद घ्यावे. ‘आपणा सर्वांस’मधला आदर इंग्रजी ‘यू’मध्ये दिसत नाही, तो ‘यू अँड युअर फॅमिली’ने थोडाफार भरून निघतो. तयार होणारी ओळ: ‘मे लक्ष्मीज फुटप्रिंट्स लीड इन्टु युअर होम. मे धिस दिवाली ब्रिंग यू अँड युअर फॅमिली जॉय अँड प्लेंटी, अँड मे यू प्रॉस्पर.’ मूळच्या दोन वाक्यांऐवजी इथे तीन आशीर्वाद झाले आणि ‘ची-ची-ची’ची लय गेली. तिच्या जागी ‘मे’ची आवृत्ती आली आहे, ती नसती तर ओळ बातमीसारखी कोरडी वाटली असती.

सणाचे नाव इंग्रजी ओळीत तसेच ठेवावे. दीपोत्सवासाठी नुसते ‘फेस्टिव्हल ऑफ लाइट्स’ लिहिले तर काही वाचकांना ज्यूंचा हनुका आठवेल, कारण इंग्रजीत त्यालाही हेच म्हणतात. ‘अँड अ प्रॉस्परस न्यू यिअर’ ही जोड सरसकट लावणेही चुकीचे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला गुजराती वर्ष आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या सुरू होतात, म्हणून पेढीवरून जाणाऱ्या पत्राला ती शोभते. मराठी घराचे वर्ष मात्र चैत्रात, गुढीपाडव्याला सुरू होते. दिवाळीतला पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त. घरगुती पत्रात त्याचे नाव ‘पाडवा’ असेच लिहून पुढे चार शब्दांत ओळख दिली तर परक्या वाचकाला जास्त कळते.

पत्राच्या तळाशी येणारे ‘शुभेच्छुक’ इंग्रजीत गाळावे. ‘वेल-विशर’ व्याकरणाने बरोबर आहे, पण इंग्रजी पत्रावर सहीच्या जागी तो शब्द निनावी हितचिंतकाचा वाटतो. ‘समस्त कुलकर्णी परिवार’चे ‘द कुलकर्णी फॅमिली’ होते. ‘समस्त’साठी ‘ऑल’ घालावे लागत नाही.