आयव्ही आणि ईव्ही: पोकेमॉनचे दोन लपलेले आकडे

लेव्हल ५० चे दोन गारचॉम्प घ्या. दोघांचंही नेचर जॉली, म्हणजे स्पीड दहा टक्क्यांनी जास्त आणि स्पेशल अटॅक दहा टक्क्यांनी कमी. तरीही एकाचा स्पीड १३४ आहे आणि दुसऱ्याचा १५१. यातला १३४ वाला जन्मतः अव्वल आहे. स्पीडच्या बाबतीत त्याच्यापेक्षा चांगला गारचॉम्प जन्मालाच येऊ शकत नाही. १५१ वाला मात्र जन्मतः अगदी शून्य.

हे कोडं सुटलं की आयव्ही आणि ईव्ही यांतला घोळ बराचसा मिटतो. दोन्ही आकडे लपलेले, दोन्ही सहाच्या सहा स्टॅटना लागू आणि नावातही एकाच अक्षराचा फरक, त्यामुळे लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा म्हणतात. 'माझ्या पोकेमॉनचे ईव्ही परफेक्ट आहेत, आता याचीच पिल्लं काढतो' हे वाक्य तर नेहमीचं. त्यात दोन चुका आहेत.

आयव्ही म्हणजे जन्माचा आकडा. जंगलात भेटला तेव्हा किंवा अंडं तयार झालं तेव्हा गेम प्रत्येक स्टॅटसाठी ० ते ३१ मधला एक आकडा ठरवतो आणि तो पुढे आयुष्यभर तसाच राहतो. ईव्ही म्हणजे कमाईचा आकडा. हा सुरुवातीला शून्य असतो आणि लढाया जिंकून किंवा औषधं पाजून वाढवावा लागतो. एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२ आणि सगळे मिळून ५१०, त्यापुढे गेम काही जमा करत नाही. २००२ च्या रूबी-सफायरपासून ही व्यवस्था ढोबळमानाने अशीच चालू आहे. त्याआधीच्या गेममध्ये जन्माचा आकडा ० ते १५ असायचा आणि कमाईचा हिशेबही वेगळा होता.

एचपी सोडून बाकी पाच स्टॅटचं सूत्र असं:

```
floor((2*Base + IV + floor(EV/4)) * Level/100) + 5
```

`floor` म्हणजे अपूर्णांक सरळ उडवायचा. आलेल्या उत्तराला शेवटी नेचरचा गुणाकार. गारचॉम्पचा मूळ स्पीड १०२, त्याची दुप्पट २०४. पहिल्या गारचॉम्पचा आयव्ही ३१ पण ईव्ही शून्य, म्हणून २०४ अधिक ३१, बरोबर २३५. त्याचं अर्धं ११७, अधिक ५, गुणिले १.१, म्हणजे १३४. दुसऱ्याचा आयव्ही शून्य, पण कोणीतरी त्याला नीट तयार करून २५२ ईव्ही स्पीडमध्ये घातलेत. २५२ भागिले ४ म्हणजे ६३. २०४ अधिक ६३, बरोबर २६७, आणि त्यावरून शेवटी १५१.

एका स्टॅटपुरतं बोलायचं तर कमाईचं वजन जन्माच्या दुप्पट आहे: ६३ विरुद्ध ३१. पण संपूर्ण पोकेमॉन पाहिला तर पारडं फिरतं. सहाही आयव्ही ३१ असू शकतात, म्हणजे सूत्रात १८६ ची भर. ईव्हीला ५१० ची वेसण असल्याने त्यांची एकूण भर १२७ च्या पुढे जात नाही. ईव्ही वाटून द्यावे लागतात, कुठेतरी कमी करूनच दुसरीकडे जास्त मिळतं. म्हणून ईव्हीचा प्रश्न 'कुठे घालू' हा आहे आणि आयव्हीचा 'मिळाले का' हा. खेळाडूचं डोकं दिसतं ते ईव्हीच्या वाटपात, असं माझं मत. आयव्हीत दिसते ती चिकाटी.

मग १५१ वर समाधान मानायला काय हरकत आहे? समोर सालामेन्स आला की कळतं. त्याचा मूळ स्पीड १००. अनुकूल नेचर, ३१ आयव्ही आणि २५२ ईव्ही असतील तर लेव्हल ५० ला तो १६७ वर जातो. अधिकृत स्पर्धांमध्ये सगळे पोकेमॉन लेव्हल ५० धरूनच खेळवतात, म्हणून हेच आकडे कामाचे. दोन्ही बाबतीत पूर्ण असलेला जॉली गारचॉम्प १६९ ला पोचतो आणि सालामेन्सच्या आधी वार करतो. आयव्ही ३० किंवा २९ असेल तर १६८, तरी पुढेच. पण २८ झाला की १६७. आता बरोबरी झाली आणि आधी कोण हे प्रत्येक फेरीत नाणेफेकीसारखं ठरणार. २७ ला पण १६७ च, कारण अर्धं करताना अपूर्णांक उडतो. ३१ पैकी तीन पॉइंट कमी ही तक्रार करण्याजोगी गोष्ट वाटत नाही, पण या एका लढतीपुरती ती निर्णायक आहे.

आता पिल्लांकडे वळू. ब्रीडिंगमधून ईव्ही कधीच उतरत नाहीत. आईबापांनी कितीही लढाया मारल्या असोत, अंड्यातून निघणाऱ्या गिबलचे, म्हणजे गारचॉम्पच्या पिल्लाचे, ईव्ही शून्यच. उतरतात ते फक्त आयव्ही, आणि तेही सगळे नाहीत. साध्या परिस्थितीत सहापैकी तीन स्टॅट निवडले जातात, प्रत्येकाचा आकडा आई किंवा बाप यांपैकी एकाकडून येतो, उरलेले तीन गेम नव्याने काढतो. आईबापांपैकी एकाच्या हातात डेस्टिनी नॉट असेल तर तीनाऐवजी पाच उतरतात. २०१३ च्या एक्स-वायमध्ये हा बदल आला आणि ब्रीडिंगचं गणित एकदम माणसांच्या आवाक्यात आलं. दुसऱ्याच्या हातात एव्हरस्टोन दिला की त्याचं नेचर पिल्लात हमखास येतं.

समजा मादी गारचॉम्पचे अटॅक आणि स्पीड ३१ आहेत, बाकी यथातथा. सोबत जवळपास कोणाशीही जोडी जमणारा डिट्टो, ज्याचे एचपी, डिफेन्स, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड ३१. पहिल्या टोपलीभर अंड्यांतून सर्वगुणसंपन्न गिबल निघेल अशी आशा धरू नका. त्यातून तीन किंवा चार स्टॅट चांगले असलेलं एखादं पिल्लू उचलायचं, त्याला आईच्या जागी बसवायचं आणि पुन्हा अंडी घ्यायची. पिढी-दोन पिढ्यांत एक नर आणि एक मादी अशी जोडी तयार होते, जिच्यात दोघांचेही हवे ते पाच ३१ असतात. गारचॉम्प अटॅकवर खेळतो, त्याला स्पेशल अटॅकचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे वारशातून सुटलेला सहावा स्टॅट नेमका स्पेशल अटॅक निघाला की काम फत्ते, आणि दुसरा कुठला सुटला तरी त्यावर ३१ पडण्याची ३२ त एक शक्यता आहेच. एकूण हिशेब साधारण पाच अंड्यांमागे एक असा येतो. सहाच्या सहा हवे असा हट्ट धरला तर सहा परफेक्ट आकड्यांच्या आईबापांकडूनही ३२ त एक. हा हट्ट बहुतेक वेळा फक्त शोभेचा असतो.

घोळाचं सगळ्यात मोठं कारण मात्र गेमनेच करून ठेवलंय. पॉवर अँकलेट नावाची वस्तू आहे. लढाईत ती पोकेमॉनच्या हातात दिली तर प्रत्येक विजयामागे स्पीडचे ८ ईव्ही जास्त मिळतात. पिकाचूला हरवल्यावर एरवी २ मिळतात तिथे १०. पण तीच वस्तू ब्रीडिंगच्या वेळी आईच्या किंवा बापाच्या हातात असेल तर त्याचा स्पीडचा आयव्ही पिल्लात नक्की उतरतो. वस्तू एक, काम दोन, आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लढताना ती घालून मिरवलेल्या बापाचे ईव्ही पिल्लाला मिळतील ही समजूत इथूनच येते.

दुसरा सापळा बॉटल कॅपचा. २०१६ च्या सन-मूनपासून हायपर ट्रेनिंग आलं: बॉटल कॅप द्यायची आणि त्या स्टॅटचा आयव्ही ३१ असल्यासारखं गेमने धरायचं. फक्त धरायचं! आतला खरा आकडा होता तसाच राहतो आणि पिल्लाकडे जातो तो खरा आकडा. गेममधल्या जजने 'बेस्ट' म्हटलं तर ३१, 'फँटॅस्टिक' म्हटलं तर ३०, 'नो गुड' म्हणजे शून्य. पण 'हायपर ट्रेन्ड' असं लिहून आलं तर तो पोकेमॉन लढाईला उत्तम असेल, ब्रीडिंगला त्या स्टॅटपुरता बेभरवशाचा. मिंट देऊन बदललेल्या नेचरचंही तेच: एव्हरस्टोनने जातं ते मूळ नेचर.

ईव्हीच्या बाजूची चूक जास्त निमूटपणे होते. नव्या गेममध्ये लढाईचे ईव्ही टीममधल्या सगळ्यांना मिळतात. मेहनतीने काढलेलं गिबल सहज टीममध्ये ठेवून फिरलात तर संध्याकाळपर्यंत त्याच्या डिफेन्समध्ये, एचपीत कुठे कुठे ईव्ही चिकटलेले असतात आणि मग २५२ आणि २५२ चं वाटप ५१० मध्ये बसत नाही. पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर ईव्हीचा षटकोनी आलेख पाहता येतो, त्यात नको तिथे टोक आलेलं दिसलं की समजायचं. उपाय सोपा आहे. टमाटो बेरी स्पीडचे १० ईव्ही काढते, पोमेग एचपीचे, क्वॉलॉट डिफेन्सचे. भरायला कार्बोस, प्रोटीन वगैरे आहेतच, बाटलीमागे १०. आयव्हीला असा परतीचा रस्ता नाही.

जाता जाता: आपल्याकडे पुष्कळांनी आयव्ही हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो पोकेमॉन गोमध्ये. तिथे तीनच स्टॅट, आकडा ० ते १५, ईव्ही नाहीत आणि ब्रीडिंगही नाही. तिथलं शहाणपण इथे आणू नका.

हायपर ट्रेनिंग आल्यावर ब्रीडिंगची गरज बरीच कमी झाली हे खरं. पण बॉटल कॅप आकडा वर नेते, खाली आणत नाही, आणि काही वेळा शून्यच हवा असतो. टॉर्कोल घ्या. मूळ स्पीड २०, आणि त्याला खेळवतात ट्रिक रूममध्ये, जिथे सगळ्यात हळू असतो तो आधी वार करतो. स्पीड कमी करणारं नेचर, ईव्ही शून्य आणि आयव्ही ३१ असेल तर लेव्हल ५० ला त्याचा स्पीड ३६ भरतो. आयव्ही शून्य असेल तर २२. समोर जाणूनबुजून हळू ठेवलेला अमूंगस असेल तर त्याचा असतो ३१. म्हणजे ३६ वाला टॉर्कोल ट्रिक रूममध्ये अमूंगसच्या नंतर येणार, स्पोरने झोपी जाणार आणि त्याची आग पोटातच राहणार. २२ वाला आधी येऊन त्याला जाळून मोकळा होतो. असा टॉर्कोल हवा असेल तर स्पीडला 'नो गुड' मिळालेला एखादा शोधायचा, त्याच्या हातात तीच पॉवर अँकलेट द्यायची आणि जोडीदारासोबत अंड्यांसाठी बसवायचं. ती शून्यसुद्धा तितक्याच खात्रीने पोचवते.