चाळीस पत्रिकांवरून किती ठरवता येतं?

"आमच्या गुरुजींनी घरातल्या तिन्ही मुलांबद्दल सांगितलं, ते तंतोतंत खरं ठरलं." पुण्यातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हे ऐकायला मिळतं, आणि बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्यावर "तीन उदाहरणांवरून काय सिद्ध होतं?" असा ठरलेला प्रतिप्रश्न येतो. तो मला अपुरा वाटतो, कारण काही वेळा एकच उदाहरण खरोखर पुरतं.

शुद्ध तांब्याचा एक तुकडा १०८५ अंश सेल्सिअसला वितळला, की शुद्ध तांबं कुठलंही असलं तरी तेवढ्याच तापमानाला वितळणार, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. पितळेच्या एका तुकड्यावरून तसं म्हणता येत नाही, कारण पितळेत जस्त किती घातलं आहे यावर ते तापमान बदलतं. शितावरून भाताची परीक्षा होते तीही सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. म्हणजे नमुन्याचा आकडा एकटा काही सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं किंवा वस्तू एकमेकांपासून किती वेगळ्या आहेत, हे आधी पाहावं लागतं. आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: आपला दावा खोटा असता, तर हाच निकाल नुसत्या योगायोगाने किती सहज मिळाला असता?

तीन भाकितं, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. डोळे मिटून सांगितलं तरी तिन्ही बरोबर येण्याची शक्यता आठात एक आहे. आठ घरांत आठ जणांनी नुसते अंदाज केले, तर सरासरीने एका घरात तिन्ही बरोबर निघतील. ते घर पंगतीत सांगेल. उरलेली सात घरं गप्प बसतील, आणि आपल्या कानावर येणारा नमुना तिथेच बिघडतो.

हे कसं टाळायचं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पुण्यातच घडलं. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. तिचा अहवाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यातली १०० मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, तर १०० बौद्धिक अक्षमता असलेली होती. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा म्हटलं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली.

आता ४० का, ते पाहण्यासारखं आहे. नाणं चार वेळा उडवलं, तर छापा-काट्याचे एकूण १६ क्रम होऊ शकतात. चारही छापे येण्याचा क्रम एकच, पण दोन छापे आणि दोन काटे येण्याचे क्रम सहा आहेत. म्हणून निकाल मध्याकडे झुकतो. उडवणं वाढवत नेलं, की हा झुकाव पक्का होत जातो. ४० वेळा उडवल्यावर मध्य २० चा, आणि निकाल त्याच्या आजूबाजूला किती पसरतात हे मोजायची सोपी रीत अशी की, ४० चं वर्गमूळ काढा आणि निम्मं करा. उत्तर येतं साधारण ३. नुसता अंदाज करणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जण १७ ते २३ च्या आत राहतात. २७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते, आणि २८ ला ती एक टक्क्याखाली जाते. शेकडा एकापेक्षा कमी योगायोग चालवून घ्यायचा ठरवलं, तर उत्तीर्ण होण्याची रेषा २८ वर पडते. ही रेषा निकाल पाहण्याआधी आखायची असते. नंतर आखली, तर ती कुणाच्याही गुणांखाली सरकवता येते.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त गुण मिळाले २४. सगळ्यांची सरासरी निघाली ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

२४ गुणांवाल्याला "६० टक्के अचूक" अशी पाटी लावता आली असती आणि त्यात आकडा एकही खोटा नसता. पण अंदाजाने २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शेकडा १३ आहे. २७ जणांनी नाणी उडवली असती, तरी त्यातल्या तीन-चार जणांना तेवढे गुण मिळाले असते. इथे मिळाले एकालाच. गर्दीतून पहिला आलेला निवडायचा आणि मग त्याच्या गुणांचं आश्चर्य करायचं, ही घाईच्या निष्कर्षाची सर्वांत फसवी जात आहे. शेअर बाजारातले "सलग पाच वर्षं बरोबर" सांगणारे सल्लागारही याच रीतीने तयार होतात.

पण चाचणीच्या बाजूच्या लोकांनीही घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. ४० पत्रिका मोठा दावा तपासायला पुरतात, बारीक दाव्याला पुरत नाहीत. एखाद्याला खरोखर ९० टक्के वेळा जमत असेल, तर तो २८ ची रेषा हसत पार करेल. खरी क्षमता ७० टक्के असेल, तरी दहातल्या चार वेळा तो २८ च्या खाली राहील. आणि ती फक्त ५५ टक्के असेल, तर शंभरात साधारण चार वेळाच उत्तीर्ण होईल. एवढा लहान फरक एका माणसात ओळखायचा तर त्याला १३०० च्या आसपास पत्रिका द्याव्या लागतील. पुरावा किती हवा हे दाव्याच्या आकारावरून ठरतं ते असं: फरक निम्मा झाला, की नमुना चौपट लागतो.

इथे २७ जणांची उत्तरं एकत्र धरली की १०८० होतात. सगळ्यांची खरी क्षमता सरासरी ५५ टक्के असती, तर त्यातली ५९४ च्या आसपास बरोबर यायला हवी होती. आली ५०० च्याही खाली. म्हणजे जे एकेकट्याच्या ४० पत्रिकांतून दिसलं नसतं, त्याचं उत्तर एकत्रित आकड्यातून बऱ्यापैकी मिळतं.

बऱ्यापैकी म्हणायचं कारण, ही १०८० उत्तरं १०८० वेगळ्या मुलांबद्दलची नाहीत. मुलं २००च, म्हणजे प्रत्येक पत्रिका सरासरी पाच जणांनी पाहिली. सगळ्यांचे नियम एकाच परंपरेतले असले तर एखादी पत्रिका पाचही जणांना एकाच दिशेने चकवू शकते, आणि मग पाच उत्तरांचं वजन पाचाइतकं राहत नाही. म्हणूनच ४६ टक्के हा आकडा पन्नाशीच्या खाली आला, तरी "ज्योतिषी सांगतात त्याच्या उलट समजावं" असा अर्थ मी काढणार नाही. संस्थेचे ५१ टक्केही तसं म्हणू देत नाहीत. उत्तरं न पाठवलेल्या २४ जणांबद्दल तर या आकड्यांतून काहीच कळत नाही.

२४ गुण मिळवणाऱ्याची बाजू कुणाला अजूनही घ्यायची असेल, तर त्याला पूर्णपणे नव्या मुलांच्या ४० पत्रिका द्याव्यात आणि २८ ची रेषा आधी कागदावर लिहून ठेवावी. आता तो एकटाच परीक्षेला बसलेला असेल, त्यामुळे गर्दीतून पहिला निवडल्याचा आक्षेप उरणार नाही आणि रेषा पार झाली तर तिचं वजन पुरेपूर धरता येईल.