परासरण : खाद्यपदार्थांतील

कमी विद्राव्य असलेल्या बाजूकडून जास्त विद्राव्य असलेल्या बाजूकडे, पाण्याला वाट देणाऱ्या पण मीठ-साखरेला अडवणाऱ्या पटलातून पाणी जाते, त्या क्रियेस परासरण म्हणतात. अशा पटलास अर्धपार्य पटल ही संज्ञा आहे. झां-आंत्वान नोले या फ्रेंच अभ्यासकाने १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने तोंड बांधलेले मद्यार्काचे भांडे पाण्यात ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून पडदा फुगला. या क्रियेची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटणे आणि भिजत घातलेली मनुका फुगणे या दोन गोष्टींच्या मुळाशी हीच क्रिया आहे. मात्र काकडीची पेशी जिवंत असते आणि मनुकेची मेलेली असते, आणि त्या फरकामुळे दोघींचे वागणे पुढे वेगळे होते.

‘मीठ पाणी ओढून घेते’ असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी मिठाच्या अंगी ओढ नसते. पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत असतात. ज्या बाजूला विद्राव्याची दाटी आहे तेथून परत फिरणाऱ्या रेणूंचे प्रमाण घटते, त्यामुळे एकूण हिशेबात पाणी त्या बाजूस साठत जाते.

काकडीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असते. तिच्या पेशींतील रस हे साखर, आम्ले व खनिजे यांचे सौम्य द्रावण असून तो पेशीपटलाला आतून पेशीभित्तिकेवर दाबून धरतो. हवा भरलेल्या फुटबॉलप्रमाणे प्रत्येक पेशी ताठ राहते आणि दातांखाली काकडी कुरकुरीत लागते ती या दाबामुळे. चकतीवर मीठ भुरभुरले की कापलेल्या पृष्ठभागावरील ओलाव्यात ते विरघळते आणि तेथे मिठाच्या पाण्याचा पातळ पण अतिशय तीव्र थर तयार होतो. संपृक्त मिठाच्या पाण्यात वजनाने सुमारे २६ टक्के मीठ असते व त्याचा परासरण दाब, म्हणजे पटलातून त्यात शिरू पाहणारे पाणी थोपवण्यास लागणारा दाब, ३०० वातावरणांहून अधिक भरतो. समुद्राच्या पाण्याचा हाच दाब २७ वातावरणांच्या आसपास असतो. काकडीच्या रसाचा दाब याहूनही पुष्कळ कमी असल्याने पाणी पेशींबाहेर येऊ लागते. या बहिःपरासरणात पेशीपटल भित्तिकेपासून सुटून आत आक्रसते, ताठपणा जातो आणि चकती लवचीक, काहीशी पारदर्शक दिसू लागते.

कोशिंबिरीसाठी सोललेली व बिया काढलेली ५०० ग्रॅम काकडी तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून घेतली आणि तिला १० ग्रॅम मीठ चोळले, तर अर्ध्या-पाऊण तासात चाळणीखाली साधारणपणे ५० ते १०० ग्रॅम पाणी जमते. चकत्या जाड असतील तर कमी, पातळ असतील तर जास्त. पाणी सुरुवातीला झपाट्याने सुटते आणि मग मंदावते. याचे कारण असे की, सुटलेले पाणीच बाहेरच्या मिठाला पातळ करते, आणि मीठही हळूहळू आत शिरते. हे १० ग्रॅम मीठ काकडीतील जवळजवळ ४७५ ग्रॅम पाण्यात सर्वत्र सारखे पसरले, तर त्याची तीव्रता जेमतेम दोन टक्के होईल. म्हणून सुटलेले पाणी वेळीच निथळून टाकणे महत्त्वाचे ठरते. चकत्या त्याच पाण्यात तासन्‌तास राहिल्यास पृष्ठभागाजवळच्या पेशींची पटले निकामी होतात, मीठ आतपर्यंत पोहोचते आणि काकडी खारट होते. मग ती साध्या पाण्यात ठेवली तरी पहिला कुरकुरीतपणा येत नाही. नुसती कोमेजलेली, मीठ न लावलेली काकडी थंड पाण्यात पुन्हा ताठ होते, कारण तिची पटले शाबूत असतात. पटल जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे. गोठवून वितळवलेल्या किंवा उकडलेल्या काकडीतून मिठावाचून पाणी गळते. तेथे बर्फाच्या स्फटिकांनी किंवा उष्णतेने पटल फाटलेले असते, म्हणून त्या गळतीला परासरण म्हणता येत नाही.

गोव्यात पावसाळ्यात येणाऱ्या तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, साल जाड व मेणचट असते. तिच्यावर बाहेरून मीठ चोळल्यास फारसे काही घडत नाही. कापलेला पृष्ठभाग लागतोच. मिठागरातील जाडे मीठ बारीक मिठापेक्षा सावकाश विरघळते, त्यामुळे पाणी सुटण्यास थोडा उशीर लागतो, एवढाच दोघांतला फरक. चेपणीसाठी, म्हणजे मिठात दाबून टिकवलेल्या कैऱ्यांसाठी, कोवळ्या कैऱ्या अख्ख्या घेतात, म्हणून तेथे हीच क्रिया दिवसांच्या हिशेबाने चालते. थर देऊन जाडे मीठ घातले व वर वजन ठेवले की बरणीत कैऱ्यांचाच रस सुटून मिठाचे पाणी होते, आणि कैऱ्या त्यात बुडून राहतात. नासवणाऱ्या बहुतेक सूक्ष्मजीवांच्या पेशींतूनही त्या पाण्यात पाणी निघून जाते, म्हणून चेपणी टिकते. वरचे वजन सरकून एखादी कैरी उघडी पडली, तर बुरशी प्रथम तिच्यावरच धरते.

तवसळी या तवशाच्या व गुळाच्या गोड पदार्थाच्या मिश्रणात पाणी घालावे लागत नाही. तवसे किसताना पुष्कळ पेशी फुटून रस मोकळा होतो, आणि उरलेल्या पेशींतून गूळ पाणी काढतो. गूळ-साखरेचा परिणाम मिठाच्या तुलनेत सौम्य असतो. मिठाचा रेणू पाण्यात दोन आयनांत विभागतो आणि साखरेच्या रेणूपेक्षा पुष्कळ हलका असतो, त्यामुळे समान वजनाच्या मिठाचे परासरण बल साखरेच्या जवळजवळ बारा पट पडते. गुळाचे प्रमाण एवढे मोठे ठेवावे लागते ते गोडीसाठी, पण त्यामुळेच पाणीही पुरेसे सुटते.

मनुकेत दिशा उलट असते. तिच्यात वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी आणि बहुतांश ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखरा असतात. साध्या पाण्यात पडल्यावर सालीतून पाणी आत जाते. हे अंतःपरासरण होय. पण वाळताना द्राक्षाची पेशीपटले मेलेली असल्याने येथे परासरण शुद्ध स्वरूपात नसते. सालीचा अडसर काही अंशी अर्धपार्य पटलासारखा वागतो, गरातील पेक्टिन व पेशीभित्तिकाही पाणी शोषून घेतात आणि साखर बाहेर झिरपत राहते. भिजवलेल्या मनुकांचे पाणी गोड लागते, हाच त्या अपुऱ्या अडसराचा पुरावा. गरम पाण्यात मनुका लवकर फुगते, पण साल सैल पडून गोडी जास्त निसटते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवण्याने ती तुलनेने टिकते. मनुका कितीही भिजवली तरी तिचे द्राक्ष होत नाही, कारण आतून दाब धरून ठेवणारे जिवंत पटल उरलेले नसते.

मनुकेतील साखरेची दाटी इतकी असते की, संपृक्त मिठाच्या पाण्यातही ती आक्रसण्याऐवजी थोडे पाणी घेते. गोव्याच्या पावसाळी हवेत उघड्या ठेवलेल्या मनुका चिकट होतात त्यामागेही हीच साखरेची दाटी असते. मात्र तेथे पाणी पटलातून न येता हवेतील बाष्पातून येते. साध्या पाण्यात फुगलेली मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाकल्यास ती काही तासांत पुन्हा सुरकुतू लागते. काकडीसारखीच तीही आता आपल्याहून दाट द्रावणात पडलेली असते.