मेसेज तुटला आहे की टिंबांवर संपवला आहे?

आमच्याकडून मराठी एसएमएस पाठवणाऱ्या पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि दुकानदारांसाठी

"मेसेज अर्धवट गेलाय, शेवटी तीन टिंबं आहेत," असा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. तपासल्यावर बहुतेक वेळा मेसेज पूर्ण गेलेला असतो. खरोखर तुटलेल्या मेसेजला सहसा टिंबं नसतातच, कारण मजकूर जिथे तुटतो तिथे टिंबं टाकायला कोणी बसलेलं नसतं.

टिंबं दिसली की आधी मेसेज उघडा. फोनच्या यादीत किंवा वर येणाऱ्या सूचनेत एक-दोन ओळींचीच जागा असते. तिथे न मावलेल्या मजकुराच्या जागी फोन स्वतः टिंबं दाखवतो. मेसेज उघडल्यावर ती गेली तर काहीच बिघडलेलं नाही. उघडूनही राहिली, तर ती मजकुरातलीच आहेत. ट्रायच्या नियमांमुळे तुमचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मेसेज त्याच्याशी जुळावा लागतो, त्यामुळे वाटेत टिंबं वाढवणं आम्हालाही शक्य नाही. मंजूर मजकूर किंवा तुम्ही दिलेली नावांची यादी पाहिली की ती तिथे सापडतात.

मुद्दाम दिलेली टिंबं आणखी एका खुणेवरून ओळखता येतात. "पैठण्यांचा नवा माल आलाय, एकदा येऊन तर बघा..." यात टिंबांआधीचा शब्द पूर्ण आहे, राहिलेलं वाचणाऱ्याला आपोआप कळतं आणि खाली दुकानाचं नाव आहे. शेवटचं नाव पोचलं म्हणजे शेवटपर्यंतचा मेसेज पोचला.

आता खरा तुटलेला मेसेज कसा दिसतो ते पाहू. एका एसएमएसमध्ये मराठीची ७० चिन्हं बसतात. मजकूर त्याहून मोठा झाला की त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागात ६७ चिन्हंच मावतात, कारण भाग जोडण्याची माहिती उरलेली जागा घेते. मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोकळी जागा आणि जोडाक्षरातला पाय मोडण्याचं चिन्ह, हे सगळं वेगवेगळं धरलं जातं. "सभा" म्हणजे तीन चिन्हं. हा मजकूर घ्या:

"सभासदांना कळविण्यात येते की वार्षिक सभा रविवारी सकाळी दहा वाजता संस्थेच्या कार्यालयात होईल."

डोळ्यांना तो लहान वाटतो, पण मोजला तर ९१ चिन्हं भरतात. म्हणजे ६७ आणि २४ असे दोन भाग. सदुसष्टावं चिन्ह "संस्थेच्या" या शब्दातला दुसरा "स" आहे, म्हणून पहिला भाग "...दहा वाजता" इथे न थांबता "संस" वर थांबतो. (इथली टिंबं आमची आहेत, मेसेजमधली नव्हेत.) दुसरा भाग पोचला नाही तर काही फोन त्याची वाट पाहतात, काही पहिला भाग तसाच दाखवतात. सभासदाला दिसतं "वाजता संस" आणि पुढे काही नाही: ना पूर्णविराम, ना टिंब. दुसरा भाग सुटा आला, तर तो पाय मोडण्याच्या चिन्हाने सुरू होतो आणि "थेच्या"च्या आधी ठिपक्यांचं एक वर्तुळ दिसतं. असं वर्तुळ दिसलं की मेसेज तुटला याबद्दल शंका ठेवू नका.

अडचण येते ती तुटण्याची जागा नेमकी शब्दाच्या शेवटी आली तर. वरच्याच मजकुरात शब्द जरा वेगळे असते, तर पहिला भाग "सकाळी दहा वाजता" वर थांबला असता. सभा कुठे आहे हे कळलं नसतं, पण वाक्य बघून तुटल्याची शंका आली नसती. अशा वेळी नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका, मूळ मजकुराशी ताडून पाहा. म्हणूनच ठिकाण आणि वेळ मजकुरात आधी लिहा, असा आमचा आग्रह असतो.

टिंबं हवीच असतील तर तीनच द्या, आणि इंग्रजी मेसेजमध्ये ती वर्डमधून चिकटवू नका. वर्ड तीन टिंबांचं एकच चिन्ह करतो. ते चिन्ह एसएमएसच्या साध्या इंग्रजी अक्षरसंचात नाही, त्यामुळे अख्ख्या मेसेजची मर्यादा १६० वरून ७० वर येते. १४० अक्षरांचा एका एसएमएसचा मजकूर तेवढ्या एका चिन्हापायी तीन एसएमएसचा होतो, आणि पैसेही तिनाचे लागतात.

तक्रार करताना सूचनेचा नको, उघडलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात शेवटची ओळ पूर्ण दिसू द्या आणि सोबत पोचल्याची वेळ कळवा. प्रत्येक भागाची पोच आम्हाला वेगळी दिसते, त्यामुळे कोणता भाग अडला ते पाहून तोच मेसेज त्या क्रमांकावर पुन्हा पाठवता येतो.