एल्डर-रे : बुल पॉवर आणि बेअर पॉवर

एल्डर-रे हे शेअर, कमोडिटी आणि चलन बाजारांतील तांत्रिक विश्लेषणाचे एक साधन आहे. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे चार्टवर एका दिवसाचे किंवा ठरावीक काळाचे भाव दाखवणाऱ्या उभ्या रेघेत, तेजीवाल्यांनी भाव सरासरीच्या किती वर नेला आणि मंदीवाल्यांनी तो किती खाली दाबला, हे ते दोन वेगळ्या आकड्यांत दाखवते. पहिल्या आकड्याला बुल पॉवर आणि दुसऱ्याला बेअर पॉवर म्हणतात. मूळचे सोव्हिएत संघातील आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ व ट्रेडर डॉ. अलेक्झांडर एल्डर यांनी १९८९ मध्ये ते मांडले. एक्स-रेमध्ये कातडीखालची हाडे दिसतात, तशी भावाखालची ताकद दिसावी, या कल्पनेवरून हे नाव आले.

मागची कल्पना अशी. बाजारातला प्रत्येक सौदा म्हणजे त्या क्षणी घेणारा आणि विकणारा यांचे किमतीवर झालेले एकमत. गेल्या काही दिवसांच्या अशा एकमतांची सरासरी म्हणजे चलत सरासरी. बारचा उच्चांक ही तेजीवाल्यांची त्या दिवसातली कमाल मजल असते, कारण त्यापुढे भाव न्यायला त्यांच्याकडे पैसा किंवा धीर उरला नाही. नीचांक ही तशीच मंदीवाल्यांची कमाल मजल. या दोन्ही मजला सरासरीपासून मोजल्या की त्या बारवर ताबा कोणाचा होता, याचा अंदाज येतो.

गणित

एल्डर यांनी १३ बारची घातांकी सरासरी, म्हणजे ईएमए, वापरली. ईएमएमध्ये ताज्या बंद भावाला २/(१३+१) इतके वजन मिळते. हा अपूर्णांक नेमका १/७ येतो, त्यामुळे हिशेब तोंडीही जमतो. आजचा बंद भाव आणि कालचा ईएमए यांतल्या फरकाचा सातवा भाग कालच्या ईएमएत मिळवला की आजचा ईएमए तयार होतो.

```
EMA        = EMA[1] + (Close - EMA[1]) / 7
Bull Power = High - EMA
Bear Power = Low  - EMA
```

सामान्यतः उच्चांक सरासरीच्या वर आणि नीचांक खाली असतो, म्हणून बुल पॉवर धन आणि बेअर पॉवर ऋण असते. बेअर पॉवर शून्याच्या वर गेली, तर मंदीवाल्यांना दिवसभरात भाव एकदाही सरासरीखाली आणता आला नाही. बुल पॉवर शून्याखाली गेली, तर तेजीवाल्यांची तीच अवस्था.

एक गोष्ट सूत्रातच दडलेली आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बुल पॉवरमधून बेअर पॉवर वजा केली की ईएमए गळून जातो आणि उरते ती बारची लांबी, म्हणजे उच्चांक वजा नीचांक. बार कोठे बसला आहे आणि तो किती लांब आहे, एवढेच हे दोन आकडे मिळून सांगतात. भाव कोठे बंद झाला हे ते थेट सांगत नाहीत. बंद भाव फक्त ईएमएच्या वाटेने, सातव्या हिश्शाने, आत येतो. समजा ईएमए ५०३ आहे. भाव ५२० पर्यंत चढला, तिथून आपटला, ५०२ चा तळ करून ५०४ ला बंद झाला, तर बुल पॉवर सुमारे १७ दिसेल. प्रत्यक्षात दिवसाच्या शेवटी ताबा विकणाऱ्यांकडे होता. म्हणून आकडा पाहताना शेजारी कँडल उघडी ठेवावी लागते.

संकेत कसा वाचतात

एल्डर यांच्या पद्धतीत खरेदीसाठी दोन अटी अनिवार्य आहेत. ईएमए चढता हवा, आणि बेअर पॉवर ऋण असूनही वर सरकणारी हवी. दुसऱ्या अटीचा अर्थ असा, की तेजीच्या प्रवाहात मंदीवाल्यांनी भाव सरासरीखाली ओढला खरा, पण त्यांची ओढ आता सैल पडते आहे. विक्रीसाठी हेच उलटे : उतरता ईएमए, धन पण घटणारी बुल पॉवर. सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. त्यांना वाटते, बुल पॉवर उंच गेली की घ्यावे. पण तेव्हा भाव सरासरीपासून आधीच लांब गेलेला असतो आणि स्टॉप लॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी बाहेर पडण्याचा भाव, दूर ठेवावा लागतो. खरेदीसाठी बघायची ती समोरच्या पक्षाची, मंदीवाल्यांची, पट्टी.

पुढील आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आदल्या दिवशीचा ईएमए ५००.०० धरला आहे.

| दिवस | उच्चांक | नीचांक | बंद | ईएमए | बुल पॉवर | बेअर पॉवर |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ५१८.० | ५०६.० | ५१४.० | ५०२.० | +१६.० | +४.० |
| २ | ५१५.० | ५०३.० | ५०५.५ | ५०२.५ | +१२.५ | +०.५ |
| ३ | ५०९.० | ४९४.० | ५०३.२ | ५०२.६ | +६.४ | −८.६ |
| ४ | ५११.० | ४९८.५ | ५०६.८ | ५०३.२ | +७.८ | −४.७ |

पहिल्या दिवशी अख्खा बार सरासरीच्या वर आहे. तेजी दिसते, पण घ्यायची ही जागा नव्हे. तिसऱ्या दिवशी मंदीवाल्यांनी भाव ४९४ पर्यंत नेला, तरी बंद भाव सरासरीच्या वर राहिला आणि ईएमए किंचित का होईना चढलाच. चौथ्या दिवशी ईएमए ५०२.६ वरून ५०३.२ झाला आणि बेअर पॉवर −८.६ वरून −४.७ वर आली. दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

आता चौथ्या दिवसाच्या उच्चांकाच्या किंचित वर, म्हणजे ५११.५ ला, खरेदीची स्टॉप ऑर्डर लावता येते. भाव वर फिरला तरच ती भरते आणि फिरला नाही तर सौदाच होत नाही. स्टॉप लॉस तिसऱ्या दिवसाच्या नीचांकाखाली, ४९३.५ ला. दर शेअरमागे जोखीम १८ रुपये. एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक धोका पत्करू नये, हा एल्डर यांचाच नियम लावला तर ३ लाखांच्या खात्यात ६,००० रुपये पणाला लागतात आणि ३३३ शेअर घेता येतात. पाचव्या दिवशी समजा उच्चांक ५१७, नीचांक ५०५ आणि बंद ५१५ झाला. ऑर्डर भरली, ईएमए सुमारे ५०४.९ झाला आणि बेअर पॉवर +०.१ वर आली. बेअर पॉवर धन होईपर्यंत थांबणाऱ्याला हाच शेअर ५१५ च्या आसपास, साडेतीन रुपये महाग मिळाला असता आणि स्टॉप लॉस तेवढाच लांब गेला असता.

कुठे फसते

सर्वांत सामान्य चूक सकाळी होते. चालू बारचा नीचांक दिवसभरात फक्त खाली जाऊ शकतो, वर येऊ शकत नाही. एनएसईवर सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत दैनिक बारला अजून खरा तळ मिळालेला नसतो. त्यामुळे बेअर पॉवर कालच्यापेक्षा सुधारलेली दिसते, दुपारी भाव घसरला की ती सुधारणा पुसली जाते, आणि ज्याने सकाळी संकेत धरला तो अडकतो. दैनिक चार्टवरचा संकेत बार पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साडेतीननंतर, पक्का धरावा.

दुसरी अडचण विचलनाची, म्हणजे डायव्हर्जन्सची. भावाने नवा नीचांक केला पण बेअर पॉवरचा तळ आधीपेक्षा उथळ राहिला, तर खरेदीचा तो सर्वांत बळकट संकेत मानतात. तो खरोखर मोलाचा असतो, पण नुसता वेग मंदावल्यानेही तो उमटतो. भाव रोज सारखाच घसरत असेल, तर १३ बारचा ईएमए रोजच्या घसरणीच्या सहापट अंतरावर मागे राहतो. रोज ५ रुपयांची घसरण असेल तर बंद भाव सरासरीच्या ३० रुपये खाली राहील. घसरण रोज ३ रुपयांवर आली की हे अंतर हळूहळू १८ होईल. बेअर पॉवर तेवढीच सुधारेल, डायव्हर्जन्स दिसेल, आणि भाव मात्र पडतच असेल. अशा वेळी ईएमए उतरता असतो, म्हणून पहिली अट न तोडणे हाच बचाव. एल्डर याच कारणाने आधी साप्ताहिक चार्टवर कल ठरवायला सांगतात आणि मगच दैनिक चार्टवर जागा शोधायला.

आडव्या बाजारात ईएमए दर दोन-तीन दिवसांनी दिशा बदलतो आणि दोन्ही बाजूंचे संकेत आळीपाळीने येतात. गेल्या दहा बारमध्ये ईएमए तीनदा वळला असेल, तर त्या शेअरवर हे साधन काही दिवस बाजूला ठेवलेले बरे.

सॉफ्टवेअरचीही एक बाब आहे. मेटाट्रेडरमध्ये Bulls Power आणि Bears Power हे दोन वेगळे इंडिकेटर मिळतात. ट्रेडिंगव्ह्यूमधील Bull Bear Power मात्र दोन्हींची बेरीज एकाच पट्टीत दाखवते. वरच्या तक्त्यात तिसऱ्या दिवशी ही बेरीज −२.२ आणि चौथ्या दिवशी +३.१ येते. म्हणजे चौथ्या दिवशी पट्टी शून्याच्या वर दिसते, बेअर पॉवर अजून ऋण आहे हे त्यात लपते, आणि खरेदीची दुसरी अट तपासताच येत नाही. वेगळ्या पट्ट्या हव्या असतील तर ट्रेडिंगव्ह्यूच्याच पाइन एडिटरमध्ये एवढे पुरते :

```
//@version=5
indicator("Elder-Ray")
e = ta.ema(close, 13)
plot(high - e, "Bull", color.green, style=plot.style_columns)
plot(low - e, "Bear", color.red, style=plot.style_columns)
hline(0)
```

दोन्ही आकडे रुपयांत असतात. १०० रुपयांच्या आणि ३,००० रुपयांच्या शेअरची तुलना करायची असेल तर ते ईएमएने भागून टक्क्यांत आणावे लागतात.

शेवटी विदेचा प्रश्न. एकास एक बोनस किंवा विभाजनानंतर भाव १,००० वरून ५०० वर येतो. जुने भाव त्याप्रमाणे बदललेले नसतील तर त्या दिवशीचा ईएमए सुमारे ९२९ निघतो आणि बेअर पॉवर −४३० च्या आसपास. पुढचे अनेक दिवस ती खोटीच "सुधारत" राहते, कारण ईएमएतली चूक दर बारला फक्त सातव्या हिश्शाने झिजते. १३ बारनंतरही ती १३ टक्क्यांहून थोडी अधिक उरते, आणि १ टक्क्यावर यायला सुमारे ३० बार लागतात. स्वतः एक्सेलमध्ये हिशेब मांडताना पहिला ईएमए म्हणून एखादा बंद भाव घेतला, तरी अशीच चूक शिरते. म्हणून पहिले ४० बार सोडून त्यापुढचे आकडे वाचावेत.